जाम झालेला सायलेन्सर: तेल, आच की सरळ नट कापायचा?

स्प्लेंडरसारख्या गाड्यांत सिलिंडर जवळजवळ आडवा असतो आणि सायलेन्सरचा बेंड पाईप हेडच्या खालून निघतो. त्यामुळे पुढच्या चाकाचा चिखल थेट तिथल्या दोन नटांवर बसतो. त्यात रत्नागिरीची खारी हवा. आमच्या गाडीच्या नटांचे कोपरे इतके झिजले होते की १० नंबरचा पाना नुसता घसरायचा.

कोपरे शाबूत असतील तर तेलाने सुरुवात करायला हरकत नाही. तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्यायचं आणि सहा कोनी गोटी पान्याने नट थोडा पुढे, थोडा मागे असा हलवायचा. खर्च जवळजवळ नाहीच. मला खटकलं ते एवढंच, की नट हलतो तेव्हा तो सुटतोय की त्याच्यासोबत स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो हेडमधला आट्यांचा दांडा, पिळला जातोय हे हाताला लवकर कळत नाही. जोर सोडल्यावर पाना स्प्रिंगसारखा मागे आला तर स्टड पिळतोय असं समजा आणि तिथेच थांबा. स्टड जेमतेम ६ मिलिमीटर जाडीचा. तो हेडलगत तुटला की पोलादावरून ड्रिल घसरतं, शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतं आणि हेडचे आटे जातात. पुढे हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावं लागतं. मला हीच धास्ती सर्वांत जास्त वाटते.

गॅसच्या आचेने हा धोका बराच कमी होतो. आच स्टडला नाही, नटाला द्यायची, म्हणजे नट प्रसरण पावतो आणि गंजाची पकड मोडते. हात बसलेला कारागीर असेल तर ही चांगली वाट आहे. पण वर पेट्रोलची टाकी असते आणि आधी मारलेलं तेलही पेट घेतं, म्हणून घरी मी आच लावत नाही.

माझा कल नट कापण्याकडे आहे. यात स्टडला पीळ बसतच नाही. पेट्रोलचा कॉक बंद करून, डोळ्यांना चष्मा लावून, नटाच्या एका बाजूला स्टडच्या लांबीच्या दिशेने काप घ्यायचा. ग्राइंडर शिरत नसेल तर हॅक्सॉचं पातं चालतं, वेळ मात्र लागतो. आटे दिसायच्या जरा आधी थांबायचं आणि कापात छिन्नी बसवून हलका ठोका द्यायचा, नट उघडतो. मागचा बोल्ट शेवटी काढायचा, नाहीतर सायलेन्सरचं सगळं वजन पुढे लोंबकळतं.

आता अख्खा स्टड हाताशी येतो. आटे चांगले असतील तर तो तसाच राहू द्या. खराब असतील तर त्यावर दोन नवे नट एकमेकांवर घट्ट आवळायचे आणि आतल्या नटाला पाना लावून स्टड फिरवायचा. त्याआधी गरम पाण्यात पिळलेलं फडकं हेडवर थोडा वेळ धरलं तर फायदा होतो, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. बसवताना नवी गॅस्केट, पितळी नट आणि आट्यांवर तांब्याचं ग्रीस वापरा.