गारगोटीच्या पुढे कुठं: रांगणा की भुदरगड?

दसरा झाला, पाऊस ओसरला की आमच्या ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न येतो: "दादा, पहिल्यांदाच जायचंय, एका दिवसात होणारा गड सांगा." कोल्हापूरकराच्या तोंडी पहिलं नाव पन्हाळ्याचंच येणार. पण जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी किल्ल्यांमध्ये पन्हाळ्याचं नाव आलं, आणि आधीच गजबजलेल्या पन्हाळ्यावर रविवारी चालताना आता मागून हॉर्न वाजतात. शेजारचा पावनगड शांत आहे, तो एकदा जरूर करा. मात्र दिवसभर चालल्याचं समाधान हवं असेल तर गाडी गारगोटीकडे वळवावी लागते. तिथून दोन पर्याय राहतात, भुदरगड आणि रांगणा. दोन्ही मी दोन-तीनदा केलेत. नवख्या माणसांना घेऊन पावसाळ्यानंतर लगेच दोन्हीकडे एकेकदा गेलोय, म्हणून हे लिहितो.

दोघांचा स्वभावच वेगळा. रांगणा सह्याद्रीच्या ऐन कड्यावर, खाली कोकण. पाटगाव मागे टाकून भटवाडीला गाडी लावायची आणि जंगलातल्या जीपच्या वाटेनं चिक्केवाडीपर्यंत चालायचं. मग एक खिंड उतरून पुन्हा चढलं की गडाचा दरवाजा. भुदरगड मोकळा. वर जांभ्याचा ऐसपैस सडा, भैरवनाथाचं देऊळ, दूधसागर तलाव. गाडी थेट वरपर्यंत जाते, त्यामुळे "हा काय ट्रेक?" असं म्हणणारे भेटतात. आम्ही गाडी खाली राणेवाडीतच ठेवतो, पेठशिवापुरातून चढतो आणि वर तटाकाठानं पूर्ण फेरी मारतो. नवख्याचे पाय संध्याकाळी बोलायला लागतात एवढं चालणं त्यात होतं.

देखणेपणात रांगणा पुढे, यात वाद नाही. हत्तीसोंड माचीच्या टोकावर उभं राहिलं की खाली कोकणातली हिरवी दरी आणि अंगावर येणारं धुकं, हे भुदरगडावर मिळत नाही. रांगण्याचे दरवाजे अजून दिमाखात उभे आहेत. भुदरगडावर पडझड जास्त. 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी तिथल्या तटबंदीची बरीच नासधूस केली, ते आजही दिसतं. तरी नवख्याला पावसाळ्यानंतर कुठं न्यायचं, या प्रश्नावर माझं मत एका ओढ्यानं बदललं.

झालं असं. ऑक्टोबरचा तिसरा रविवार. मी, कॉलेजातला भाचा आणि शिरोलीच्या फाउंड्रीतले माझे दोन सहकारी. त्यांतला एक पहिल्यांदाच गडावर येत होता. साडेपाचला निघायचं ठरलेलं, चहा आणि "पाच मिनिटांत आलो"मुळे निघालो सव्वासहाला. भटवाडीत पोचायला नऊ झाले. गाव सोडलं आणि समोर ओढा. पाणी नितळ, पोटरीएवढं, पण दहा-बारा पावलं रुंद. पलीकडून गुरं घेऊन येणारे एक मामा म्हणाले, "पाव्हणं, बुटं काढा आन् गळ्यात बांधा." आम्ही तिघांनी काढले. नवखे साहेब म्हणाले, "राहू दे, वाळतील चालता चालता." आणि नवीकोरी बुटं घालूनच ते पाण्यात उतरले.

बूट वाळत नाहीत. पुढची वाट झाडीतली आहे, ऊन पोचत नाही. त्यात दर थोड्या अंतरावर छोटे झरे वाट ओलांडतात आणि जिथं जीपची चाकं रुतली असतात तिथं चिखलाची डबकी. पाऊस थांबला तरी जंगलाच्या जमिनीत मुरलेलं पाणी झिरपत राहतं, त्यामुळे कॅलेंडरवर पावसाळा संपला तरी या वाटेवरचा संपलेला नसतो. सुती मोजा ओला झाला की टाचेची कातडी भिजून मऊ पडते, आणि नवा बूट तिच्यावर प्रत्येक पावलाला घासतो. पाऊण तासात टाच चुरचुरायला लागते. थांबण्याची वेळ तीच. बूट काढायचा, टाच पुसून कोरडी करायची, चिकटपट्टी सपाट लावायची आणि कोरडा मोजा घालायचा, की दिवस निभावतो. साहेब मात्र लाजेपोटी गप्प राहिले. चिक्केवाडीला मला एवढंच दिसलं, की ते उजवा पाय जरा तिरका टाकतायत. सव्वाबाराला दरवाज्यात पोचल्यावर बूट काढला तर टाचेवर रुपयाएवढा फोड, फुटलेला.

खरी अडचण परतीला आली. रांगण्याची वाट सरळ उताराची नाही. खिंडीत उतरून पुन्हा चढावं लागतं, आणि मग तोच जीपचा लांबलचक रस्ता. फुटलेला फोड घेऊन तो रस्ता संपत नाही. पावणेदोनला गड सोडला, भटवाडीत आलो तेव्हा सव्वापाच वाजून गेले होते. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण गर्द झाडीत पाचलाच वाट अंधुक व्हायला लागते. त्यात या भागात गवे आहेत. संध्याकाळी ते वाटेवर येतात, आणि लंगडणाऱ्या माणसाला घेऊन पटकन बाजूला होणं जमत नाही. आम्हाला गवा दिसला नाही, पण ताजं शेण दोनदा दिसलं. शेवटचा तासभर भाचाही मोबाईल खिशात ठेवून गपगुमान चालत होता.

म्हणून वेळेचा माझा हिशोब असा. रांगण्याला गाडीतून उतरून पहिलं पाऊल साडेसातला पडलं पाहिजे, म्हणजे कोल्हापुरातून पाचला निघणं. दुपारी एकला, गड पूर्ण बघून झालेला असो वा नसो, पाठ फिरवायची. भुदरगडाला सहाला निघालं तरी चालतं. तिथं घाई सकाळी नाही, दुपारी असते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो आणि उघड्या सड्यावर आपणच सगळ्यांत उंच असतो. पश्चिमेला ढगांची काळी भिंत उभी राहिली किंवा लांबून गडगडलं, की तलाव बघायचा राहिला तरी खाली यायचं. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. या बाबतीत भुदरगड रांगण्यापेक्षा धोक्याचा, हे कबूल करायला हवं. फरक इतकाच, की भुदरगडावरून अर्ध्या तासात पेठशिवापुरात छपराखाली येता येतं.

पाण्याचं गणित थोडं उलटंच आहे. रांगण्याच्या वाटेवर पाणी जागोजागी खळखळतं, म्हणून नवखे बाटली कमी घेतात. पण वरच्या अंगाला गुरं असतात, गडावरच्या तलावात माणसं हातपाय धुतात. मी ते पाणी फडक्यातून गाळूनही पीत नाही. चालताना तासाला साधारण अर्धा लिटर लागतं असं धरलं तर सहा-सात तासांना तीन लिटर. ते पाठीवर घेऊन चालायचं, म्हणजे नवख्याला तीन किलोचं ओझं. भुदरगडाला दोन लिटर पुरतं आणि उरलेली बाटली गाडीत ठेवता येते. दूधसागराचं पाणी नावाप्रमाणे पांढरट दिसतं, ते बघण्यापुरतं. भुदरगडावर सावली मात्र नावापुरती. अकरानंतर ऑक्टोबरचं ऊन जांभ्यावरून उलटं तोंडावर येतं. टोपी आणि काकड्या विसरलात तर माझी आठवण काढाल.

गर्दी. नोव्हेंबरात वाट वाळली की रांगण्याकडे जीप आणि मोटरसायकलींचे ताफे सुटतात, ट्रेकिंगवाल्यांच्या बसही येतात. आपण जंगलात चालतोय आणि मागून चार गाड्या धुरळा उडवत जातात, हा अनुभव मी घेतलाय. खिंडीतल्या अरुंद वाटेवर वर जाणारे नि खाली येणारे समोरासमोर येऊन खोळंबतात. भुदरगडाची गर्दी देवळाभोवती गोळा होते. रविवारी गाड्या थेट वर येतात, नैवेद्य, लहान मुलं, एखादा स्पीकर. पण देवळापासून दहा मिनिटं तटाकडे चालत गेलं की चिटपाखरू नसतं. ती गर्दी गाडीपासून लांब जात नाही. मला तर वाटतं, नवख्याला तिचा आधारच होतो. पाय मुरगळला तर हाकेच्या अंतरावर माणूस आणि गाडी आहे.

जळवांचं थोडक्यात. रांगण्याला ऑक्टोबर अखेरपर्यंत त्या धरून चाला, मोज्यांवर तंबाखूचं पाणी मारा. भुदरगडाच्या सड्यावर मला कधी चिकटली नाही.

फोडाच्या त्या प्रकरणानंतर साहेब परत येतील असं वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी मीच त्यांना भुदरगडाला नेलं. तीच बुटं, आता थोडी मळलेली, आतून दोन मोजे. राणेवाडीतून पावणेआठला चढायला लागलो. देवळासमोर बसून खर्डा-भाकरी खाल्ली, तटाची फेरी पूर्ण केली आणि साडेबाराला खाली. वाटेत कुठंही पाय ओला झाला नाही. गारगोटीत चहा पिताना त्यांनी स्वतःहून विचारलं, "रांगणा कधी?"

माझं उत्तर होतं, डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. तेव्हा ओढ्याचं पाणी घोट्याखाली येतं, दगडावर पाय टाकत कोरडं पलीकडे जाता येतं. ज्यांनी दोन-चार गड केलेत आणि ओले पाय सांभाळता येतात, त्यांनी ऑक्टोबरातला रांगणा सोडू नये, तेव्हाची हिरवाई डिसेंबरात नसते. पण सोबत कुणी पहिलटकर असेल आणि तरीही ऑक्टोबरातच जायचं असेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले कोरडे मोजे प्रत्येकी दोन जोड आणि ओढ्यासाठी जुन्या सँडल घ्या. शेवाळलेल्या दगडावर अनवाणी पाय सटकतो. आणि पाटगावात थांबून कुणालाही एवढंच विचारा: "भटवाडीच्या ओढ्याला पाणी किती?" गुडघा म्हणाले, तर गाडी वळवून भुदरगडाला या. दहापर्यंत चढायला लागलात तरी तो दुपारच्या ढगांआधी होतो.