टोल्युइनची सेफ्टी डेटा शीट मराठीत करायची आहे: सगळी, निवडक की एकपानी?

रंग, थिनर, शाई किंवा चिकटवण्याचं सोल्यूशन बनवणाऱ्या कारखान्यात टोल्युइनचे ड्रम बहुधा असतातच. पहिल्या ड्रमबरोबर पुरवठादार बारा-चौदा पानांची इंग्रजी सेफ्टी डेटा शीट पाठवतो. तिला अजूनही सगळे एमएसडीएसच म्हणतात. ही शीट मराठीत करून घ्यायचं ठरलं की माझ्याकडे येणारा सेफ्टी ऑफिसर साधारण तीनपैकी एक गोष्ट मागतो. एक, सोळाच्या सोळा विभाग मराठीत. दुसरी, फक्त कामाचे विभाग, म्हणजे धोके (२), प्रथमोपचार (४), आग (५), सांडणे (६), हाताळणी आणि साठवण (७) आणि संपर्कमर्यादा व संरक्षक साधनं (८), आणि तेही इंग्रजी मजकुराच्या शेजारी. तिसरी, ड्रमजवळच्या भिंतीवर लावायला एक पान.

तिन्ही कामं मी केली आहेत. माझा कौल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, आणि तिसरा त्यातूनच कापून काढायचा. पण कारण दर किंवा वेळ नाही. कारण वाक्यांत आहे, म्हणून आधी वाक्यंच बघू.

टोल्युइनच्या युरोपीय शीटमध्ये धोक्याची सहा वाक्यं असतात: H225, H304, H315, H336, H361d आणि H373. प्रत्येक संकेतांकामागे एकच ठरलेलं वाक्य आहे आणि ते जगभर तेच असतं. संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत आणि युरोपीय संघाच्या भाषांत ही वाक्यं अधिकृतपणे ठरलेली आहेत. त्या यादीत मराठी नाही. त्यामुळे जर्मन अनुवादकाला जे तयार मिळतं ते आपल्याला एकदा बसून ठरवावं लागतं, आणि ठरवलं की पुढच्या प्रत्येक शीटमध्ये तेच वापरावं लागतं. संपूर्ण शीट सरसकट भाषांतराला दिली की नेमकं हेच सुटतं. विभाग २ मध्ये एक शब्द, विभाग १६ मध्ये त्याच वाक्याला दुसरा शब्द. चांगल्या मराठीत पुनरुक्ती टाळायची असते, इथे ती करायची असते.

पायऱ्यांचं उदाहरण घ्या. ज्वालाग्राही द्रवांच्या तीन पायऱ्या आहेत: H224, H225 आणि H226. बहुतेक भाषांतरांत पहिल्याला ‘अत्यंत ज्वालाग्राही’ आणि दुसऱ्याला ‘अति ज्वालाग्राही’ लिहितात. मराठी वाचणाऱ्याच्या कानाला यांतला कुठला मोठा? कुठलाच नाही. टोल्युइन दुसऱ्या पायरीवर आहे. त्याचा भडका बिंदू ४ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही दुपारी त्याची वाफ ठिणगीची वाट बघत असते. मी या तिघांना ‘भयंकर ज्वालाग्राही’, ‘फार ज्वालाग्राही’ आणि ‘ज्वालाग्राही’ असं ठरवून टाकलंय. ‘भयंकर’ जरा नाटकी वाटतो, हे मान्य. पण तो ‘फार’च्या वर आहे याबद्दल कुणाला शंका राहत नाही, आणि शेजारी संकेतांक असतोच.

विषाच्या पायऱ्यांतही तेच. अपायकारक, विषारी, प्राणघातक, एवढे तीनच शब्द ठेवावेत. ‘घातक’ हा शब्द मी माझ्या यादीतून काढूनच टाकला. तो आपल्या बोलण्यात ‘वाईट’पासून ‘जीव जाईल’पर्यंत कुठेही बसतो.

क्रियापदं तर त्याहून नाजूक. H315 ‘होतो’ असं सांगतं: त्वचेचा दाह होतो. H336 ‘होऊ शकते’ असं सांगतं: गुंगी किंवा चक्कर येऊ शकते. H361d फक्त संशय सांगतं: गर्भातल्या बाळाला इजा करत असल्याचा संशय आहे. जोर यावा म्हणून ‘शकते’ गाळणारे अनुवादक मी पाहिलेत, आणि बायका घाबरतील म्हणून संशयाचं वाक्यच मवाळ करायला सांगणारे व्यवस्थापकही. एकाने तर तिथे ‘गर्भवती महिलांनी दूर राहावे’ लिहून आणलं होतं. ती सूचना कारखान्याने वेगळी जरूर द्यावी. पण ते H361d चं भाषांतर नाही, कारण मूळ वाक्य रसायनाबद्दल बोलतं आणि हे बाईला हुकूम देतं.

आता H304, जिथे मी स्वतः चुकले होते. नेमकं वाक्य असं: गिळल्यास आणि श्वसनमार्गात शिरल्यास प्राणघातक ठरू शकते. माझ्या पहिल्या शीटमध्ये मी लिहिलं होतं, ‘गिळल्यास किंवा श्वासावाटे गेल्यास प्राणघातक’. एक ‘आणि’चा ‘किंवा’ झाला, आणि अर्थच बदलला. श्वासावाटे वाफ गेल्याने जीव जातो हे H330 चं वाक्य आहे, आणि ते टोल्युइनला लागू नाही. H304 मध्ये गोष्ट द्रवाची आहे. टोल्युइन पातळ आहे, गिळताना किंवा उलटी होताना ते घशातून फुप्फुसात उतरू शकतं आणि तिथे जीवघेणी सूज आणतं. पोटात गेलेल्या घोटापेक्षा फुप्फुसात गेलेले थोडे थेंब भारी पडतात.

म्हणूनच प्रथमोपचारात P331 हे खबरदारीचं वाक्य येतं. याचं माझं तेव्हाचं मराठी होतं ‘उलटी करू नका’. कंपनीतल्या एका सुपरवायझरने ते वाचलं आणि विचारलं, ‘‘मॅडम, त्याला उलटी आली तर त्याने दाबून धरायची का?’’ बरोबर होतं त्याचं. मूळ सूचना मदत करणाऱ्याला आहे, आजारी माणसाला नाही. ‘उलटी करवू नका’ व्याकरणात बिनचूक आहे, पण घाईत वाचताना ‘करवू’ आणि ‘करू’ यांच्यातला फरक डोळ्यांतून निसटतो. आता मी लिहिते, ‘उलटी काढू नका’. घरोघरी म्हणतात तेच. विष पोटात गेलं की मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची ही आपल्याकडची जुनी सवय आहे, आणि या शब्दाने बरोबर तीच सवय अडते.

मिठाच्या पाण्याचं शीटमध्ये लिहायचं का? इथे पर्याय दोन आणि तीन यांची खरी वाटणी होते. शीटच्या भाषांतरात फक्त मूळ वाक्य. एक शब्द जास्त नाही. भिंतीवरच्या पानावर त्याखाली वेगळ्या ओळीत, कारखान्याची सूचना म्हणून, ‘मिठाचं पाणी पाजू नका, घशात बोट घालू नका’ जरूर लिहा. दोन्ही मजकूर एकमेकांत मिसळले की उद्या पुरवठादाराची नवी शीट आल्यावर कुठलं त्याचं आणि कुठलं आपलं, ते कुणालाच सांगता येत नाही.

डोळ्यांच्या सूचनेत एकच खाच आहे. मूळ वाक्यात बरीच मिनिटं पाण्याने धुवायला सांगितलंय, आणि भाषांतरात ते ‘काही मिनिटे’ होतं. काही मिनिटं म्हणजे आपल्याकडे दोन. ‘बरीच मिनिटे’ लिहा, आणि शीटने किमान १५ म्हटलं असेल तर ‘किमान’ हा शब्द गाळू नका.

मर्यादांचा विभाग ८ मात्र एकपानी पर्यायाला सगळ्यात महागात पडतो. टोल्युइनची आठ तासांची मर्यादा कुठली? आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत १०० पीपीएम छापली होती. युरोपीय संघाची ५०. अमेरिकेतल्या ओशा या सरकारी यंत्रणेची २००, आणि तिथल्याच एसीजीआयएच या व्यावसायिक संघटनेची शिफारस २०. शीट अमेरिकेहून आली असेल तर तिच्यात २०० आणि २० शेजारी शेजारी असतात. एका पानावर जागा नाही म्हणून कुणीतरी एक आकडा उचलतो, आणि बहुधा पहिला, म्हणजे मोठा. दोन स्तंभांच्या शीटमध्ये प्रत्येक आकड्यापुढे तो कुणाचा हे राहतं, किती वेळाच्या सरासरीचा हेही राहतं. ‘आठ तासांची कालभारित सरासरी’ हा शब्द जड आहे, पण तो टाकून ‘१०० पीपीएमपर्यंत सुरक्षित’ लिहू नका. मुळात ‘सुरक्षित’ कुणीच म्हटलेलं नाही, आणि बारा तासांच्या शिफ्टला तो आकडा जसाच्या तसा लागूही होत नाही.

आणखी एक गंमत. आपल्या त्या अनुसूचीत १०० पीपीएमपुढे ३७५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर लिहिलं होतं, युरोपच्या यादीत १५ मिनिटांच्या मर्यादेच्या १०० पीपीएमपुढे ३८४. चूक कुणाचीही नाही. एकाने हवा २५ अंशांची धरली, दुसऱ्याने २० ची. अनुवादकाने हिशोब करून यातलं काहीही ‘दुरुस्त’ करायचं नसतं. उलट एका युरोपीय शीटमधलं 0,5 हे मराठीत 05 झालेलं मी पाहिलंय. तिकडे दशांशाला स्वल्पविराम देतात, आणि टाइप करणाऱ्याला तो हजारांचा वाटला. या लेखात देवनागरी आकडे आहेत, पण शीटमध्ये मी मुद्दाम इंग्रजी आकडेच ठेवते, कारण हवेतली वाफ मोजणारं यंत्र तेच दाखवतं आणि झेरॉक्सच्या तिसऱ्या प्रतीवर ५ आणि ६ सारखे दिसायला लागतात.

मग संपूर्ण भाषांतर कुणी करावं? माझ्या मते, ग्राहकाने किंवा करारानेच तशी अट घातली असेल तर. विभाग ११ आणि १२ मधले उंदीर-माशांवरच्या चाचण्यांचे आकडे मराठीत आणायला सगळ्यात जास्त वेळ जातो आणि ते वाचणारा डॉक्टर किंवा पर्यावरण अधिकारी इंग्रजीच उघडतो. सोळा विभाग केलेच, तर निदान २, ४ आणि ८ हे ठरलेल्या वाक्यांवरूनच भरून घ्या आणि बाकीचं नंतर.

दुसऱ्या पर्यायाचीही एक मर्यादा सांगायला हवी. तो संकेतांकांवर उभा आहे. आपल्याकडे १९८९ च्या घातक रसायन नियमांतल्या अनुसूची ९ च्या साच्यातल्या जुन्या शीट अजून फिरतात, त्यांत H क्रमांक नसतात. अशा शीटवर अनुवादकाने स्वतः शोधून क्रमांक चिकटवू नयेत. पुरवठादाराकडे नव्या साच्यातली शीट मागायची, आणि ती येईपर्यंत आहे तो मजकूर जसा आहे तसा.

तपासणीला मी दोन माणसं घेते. एक जण इंग्रजी न बघता मराठीवरून सांगतो की मूळ वाक्य काय असेल. H304 मधला ‘किंवा’ असाच सापडला असता. दुसरा, ड्रम हलवणारा कामगार. त्याला ‘समजलं का’ विचारायचं नाही. ‘‘याने चुकून घोट घेतला, आता तू काय करशील?’’ एवढंच विचारायचं. तो पाणी आणायला धावला तर वाक्य पुन्हा लिहायचं. आणि निम्म्या लाइनवर हिंदी बोलणारी मुलं असतील तर हाच प्रयोग हिंदी पानावरही.

माणसाला दवाखान्यात नेताना मात्र सोबत इंग्रजी मूळ प्रतच द्या, टोल्युइनचा सीएएस क्रमांक 108-88-3 वर गोल करून. मी ती प्रत फाइलच्या तळाशी न ठेवता पहिल्या प्लॅस्टिकच्या कप्प्यात ठेवायला सांगते, मराठी शीट तिच्या मागे.