भाव आडवा, ओबीव्ही वर: खरेदीआधी कोणती रेषा बघायची?

एखादं कॉइन महिना-दीड महिना एकाच पट्ट्यात फिरतंय, भाव कुठेच जात नाही, आणि खालच्या खिडकीत ओबीव्हीची, म्हणजे ऑन-बॅलन्स व्हॉल्युमची, रेषा मात्र हळूहळू चढते आहे. कोणीतरी भाव न हलवता माल गोळा करतंय, असा याचा अर्थ लावला जातो. जोसेफ ग्रॅनव्हिल यांनी 1963 मध्ये अमेरिकी शेअर बाजारासाठी हे साधन लोकांपुढे आणलं, तेव्हा त्यामागची कल्पना हीच होती: व्हॉल्युम आधी हलतो, भाव मागून येतो. क्रिप्टोत भाव आणि व्हॉल्युमच्या रेषेतली हीच फारकत, म्हणजे डायव्हर्जन्स, बघून पैसे लावायचे का, असा प्रश्न असेल तर ओबीव्हीशेजारी आणखी दोन रेषा ठेवून बघाव्यात. एक ए/डी लाइन, म्हणजे मार्क चायकिन यांची संचय-वितरण रेषा. दुसरी सीव्हीडी, म्हणजे बाजारभावाने झालेल्या खरेदीतून तशीच विक्री वजा करून रोज पुढे ओढलेली बेरीज.

माझं मत आधीच सांगतो. ओबीव्ही कॉइन शोधायला चांगलं आहे, पण निर्णय घ्यायला एकटं पुरेसं नाही. आणि ते सगळ्यात कच्चं पडतं ते नेमकं साइडवेज बाजारात, जिथे आपण त्याच्याकडून सर्वात जास्त अपेक्षा ठेवतो.

कारण त्याच्या हिशेबातच आहे. आजचा बंद भाव कालच्यापेक्षा वर असेल तर दिवसाचा सगळा व्हॉल्युम बेरजेत जातो. खाली असेल तर सगळाच्या सगळा वजा होतो. भाव दहा टक्के वर गेला की एका पैशाने, याचा ओबीव्हीला फरक पडत नाही. ट्रेंड चालू असताना हे खपून जातं, कारण बंद भावांमधलं अंतर मोठं असतं. आडव्या बाजारात मात्र रोजचा फरक नगण्य असतो आणि अधिक की उणे, हे शेवटच्या काही मिनिटांच्या सौद्यांवर ठरतं.

एक काल्पनिक कॉइन घेऊ. सुरुवातीचा बंद भाव 100, सहा दिवसांनीही 100. व्हॉल्युम लाख कॉइनमध्ये आहे आणि तिन्ही रेषा शून्यापासून सुरू केल्या आहेत.

| दिवस | बंद भाव | व्हॉल्युम | ओबीव्ही | ए/डी | सीव्हीडी |
|---|---|---|---|---|---|
| 1 | 100.3 | 20 | 20 | 2 | 1 |
| 2 | 99.8 | 12 | 8 | −2 | 0 |
| 3 | 100.1 | 60 | 68 | −46 | −8 |
| 4 | 99.6 | 14 | 54 | −51 | −9 |
| 5 | 99.9 | 18 | 72 | −47 | −8 |
| 6 | 100.0 | 16 | 88 | −49 | −8 |

भाव जागच्या जागी, ओबीव्ही 88 ने वर. पुस्तकात दाखवतात तसा डायव्हर्जन्स. पण सगळा खेळ तिसऱ्या दिवसाचा आहे. त्या दिवशी भाव 104 पर्यंत गेला, 99.5 पर्यंत खाली आला आणि 100.1 ला बंद झाला. वर गेलेला भाव विकणाऱ्यांनी जवळजवळ तळापर्यंत ढकलला. ओबीव्हीने तरीही 60 लाख कॉइन खरेदीच्या खात्यात टाकले, कारण बंद भाव आदल्या दिवसापेक्षा 0.3 ने वर होता. तोच बंद 99.7 ला झाला असता तर सहाव्या दिवशी ओबीव्ही 88 ऐवजी उणे 32 दिसला असता. भावातला फरक 0.4, आणि निष्कर्ष उलटा.

ए/डी लाइन इथे बरी ठरते. ती कालच्या भावाकडे बघतच नाही. आजचा बंद भाव आजच्या उच्चांक-नीचांकाच्या मध्ये नेमका कुठे आहे, त्या प्रमाणात व्हॉल्युम मोजते. नीचांकाजवळ बंद झाला तर बराचसा व्हॉल्युम वजा, उच्चांकाजवळ झाला तर बराचसा जमा, मधोमध झाला तर जवळपास काहीच नाही. तिसऱ्या दिवसाचे तिने 44 वजा केले. तिची उणीव अशी की दोन कँडलमधली, म्हणजे एका दिवसाचा बंद आणि दुसऱ्याची सुरुवात यांच्यातली, झेप तिला दिसत नाही. शेअर बाजारात रोज सकाळी गॅप पडतो, तिथे ही अडचण मोठी आहे. क्रिप्टो चोवीस तास चालू असल्याने इथे ती फारशी जाणवत नाही.

मात्र चोवीस तास चालू असण्याने दुसरा प्रश्न येतो: दिवस संपतो कधी? बहुतेक चार्टवर दैनिक कँडल यूटीसीच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे सकाळी 5:30 ला बंद होते. या वेळेला बाजाराच्या दृष्टीने काही खास अर्थ नाही. तोच डेटा आपल्या मध्यरात्री तोडला तर काही दिवसांची चिन्हं बदलतात आणि आडव्या कॉइनचा ओबीव्ही वेगळाच दिसू शकतो. म्हणून दैनिक चार्टवर डायव्हर्जन्स दिसला की तोच काळ चार तासांच्या कँडलवर लावून बघतो. तिथेही रेषा चढत असेल तर पुढचा विचार. नसेल तर ती चढण फक्त दिवस कुठे तोडला यातून आली होती.

दुसरी चाचणी मला याहून महत्त्वाची वाटते. समजा रोजचं चिन्ह नाणं उडवून ठरवलं, तरी ओबीव्ही शून्यावर थांबणार नाही, कुठेतरी भटकेलच. किती भटकेल याचा अंदाज येतो: प्रत्येक दिवसाच्या व्हॉल्युमचा वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. त्याच्या दुपटीच्या आत जी चढ-उतार असेल ती निव्वळ योगायोगानेही होऊ शकते. पायथनमध्ये, रेंज सुरू होण्याआधीच्या एका कँडलपासूनचा डेटा `df` मध्ये घेऊन:

```python
import numpy as np
sign = np.sign(df["close"].diff())
obv = (sign * df["volume"]).cumsum()
limit = 2 * (df["volume"].iloc[1:]**2).sum()**0.5
```

आपल्या सहा दिवसांचं वर्गमूळ साधारण 70 येतं, म्हणजे मर्यादा 140. ओबीव्हीची चढण 88. म्हणजे इतक्या दिवसांच्या डेटावरून संचय झाला असं म्हणायला आधारच नाही. व्हॉल्युम रोज सारखाच असेल तर 36 दिवसांच्या रेंजमध्ये ओबीव्ही सरासरी 12 दिवसांच्या व्हॉल्युमइतका तरी चढायला हवा. तेव्हा कुठे त्याकडे गांभीर्याने बघावं. एखाद-दोन दिवस प्रचंड व्हॉल्युमचे असतील तर ही मर्यादा आणखी वर जाते, आणि तसंच व्हायला हवं, कारण मग सगळी रेषा त्या एक-दोन चिन्हांवर उभी असते. चार्टवर नुसत्या नजरेने हे कळत नाही; खिडकीच्या उंचीत बसवलेली कुठलीही रेषा ठसठशीतच दिसते.

आता सीव्हीडी. यात चिन्ह अंदाजाने लावत नाहीत. प्रत्येक सौद्यात घाई कोणी केली, समोरच्या भावाला घेणाऱ्याने की विकणाऱ्याने, हे एक्स्चेंजकडे नोंदलेलं असतं. बायनान्स या एक्स्चेंजच्या कँडल डेटात टेकर खरेदीचा, म्हणजे समोरच्या भावाला उचललेल्या मालाचा, आकडा वेगळा मिळतो; त्याची दुप्पट करून एकूण व्हॉल्युम वजा केला की त्या कँडलचा डेल्टा, म्हणजे अशी खरेदी वजा अशी विक्री, निघतो. अचूकतेत ही रेषा सर्वात पुढे आहे, पण वाचायला सर्वात अवघडही हीच. खरोखर गुपचूप माल घेणारा बाजारभावाने उचलतच नाही. तो खाली बिड लावून बसतो आणि विकणारे त्याच्या अंगावर येऊन विकतात. त्यांची प्रत्येक विक्री डेल्टात उणे पडते. म्हणजे भाव आडवा आणि सीव्हीडी सतत खाली, हे संचयाचं लक्षण असू शकतं: इतकी विक्री होऊनही भाव पडत नाही, म्हणजे कोणीतरी ती झेलतंय. उलट सीव्हीडी चढतोय आणि भाव जागचा हलत नाही, तर वर कोणीतरी माल ओततंय. ओबीव्हीच्या सवयीने सीव्हीडी वाचणारे इथे हमखास फसतात.

मग कोणी काय वापरावं? दिवसातून एकदा चार्ट बघणाऱ्याने ओबीव्हीने कॉइन निवडावं, वरच्या दोन चाचण्या लावाव्यात आणि ए/डी लाइन त्याच दिशेने आहे का बघावं. दोन्ही विरुद्ध असतील तर तो कॉइन सोडून द्यावा. त्या मतभेदाचा अर्थ लावत बसण्यात काही हाती लागत नाही. ऑर्डर बुक रोज बघणाऱ्याला सीव्हीडी उपयोगी पडेल, पण तो रेंजच्या खालच्या काठावर बघावा, कारण झेलण्याची खूण तिथे सर्वात स्पष्ट दिसते.

तिन्ही रेषांना व्हॉल्युम खरा लागतो आणि क्रिप्टोत हे गृहीत धरता येत नाही. मार्च 2019 मध्ये बिटवाइझ या क्रिप्टो फंड कंपनीने अमेरिकेच्या बाजार नियामक एसईसीपुढे सादर केलेल्या अभ्यासात, दाखवल्या जाणाऱ्या बिटकॉइन व्हॉल्युमपैकी सुमारे 95 टक्के बनावट किंवा अर्थहीन असल्याचं म्हटलं होतं. मोठ्या एक्स्चेंजवरही आकडे एकसारखे राहत नाहीत. बायनान्सने जुलै 2022 मध्ये बिटकॉइनच्या अनेक जोड्यांवरचं शुल्क काढून टाकलं, तेव्हा व्हॉल्युम फुगला. मार्च 2023 मध्ये टीयूएसडी या डॉलरशी बांधलेल्या कॉइनची जोडी सोडून बाकी जोड्यांवर शुल्क परत लावलं, तेव्हा तो ओसरला. त्या काळातला एक दिवस आणि आधीचा एक दिवस एकाच बेरजेत धरला तर रेषेत संचय नाही, शुल्काचा बदल दिसतो. चार्ट स्पॉटचाच, म्हणजे प्रत्यक्ष कॉइनच्या खरेदी-विक्रीचाच, घ्यावा हेही आलंच. ट्रेडिंगव्ह्यूवर `BTCUSDT.P` हा पर्पेच्युअलचा, म्हणजे मुदत नसलेल्या फ्युचर्सचा, चार्ट आहे. तिथल्या सौद्यांत कॉइन कोणाकडे जमा होत नाही. रुपयाच्या जोडीतला व्हॉल्युमही फार पातळ असतो, त्यावरून ओबीव्ही काढू नये.

उरला प्रश्न, रेंजमध्येच घ्यायचं की ब्रेकआउटची वाट बघायची. संकेत सगळे जुळले तरी रेंज खाली तुटू शकते. 2018 च्या शरद ऋतूत बिटकॉइन कित्येक आठवडे 6,000 डॉलरच्या वर शांत पडून होतं आणि हा तळ आहे असं अनेक जण धरून चालले होते. नोव्हेंबरच्या मध्यावर, बिटकॉइन कॅशच्या फाटाफुटीच्या सुमारास तो तळ तुटला आणि डिसेंबरमध्ये भाव 3,200 च्या आसपास आला. रेंजच्या तळाशी घेऊन खाली स्टॉप लॉस लावला तर भाव चांगला मिळतो, पण स्टॉप वारंवार उडतात. आणि भारतात राहणाऱ्याला ते महाग पडतं. नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. तीनदा स्टॉप उडून चौथ्यांदा कमावलं, तरी कर त्या चौथ्या सौद्याच्या पूर्ण नफ्यावर लागतो. शिवाय प्रत्येक विक्रीवर 1 टक्का टीडीएस कापला जातो. विवरणपत्रात तो जमा धरला तरी तोवर तेवढं भांडवल अडकून राहतं. म्हणून इथे राहणाऱ्याने दैनिक बंद रेंजच्या वर जाऊ द्यावा, त्या दिवशी ओबीव्ही आणि ए/डी दोन्ही रेंजमधल्या आपापल्या उच्चांकाच्या वर आहेत का पाहावं, आणि मगच घ्यावं. दोन-चार टक्के महाग मिळेल. ज्याच्या देशात तोटा वजा करता येतो, त्याने तळाशी घ्यायला हरकत नाही.