कम्युनिटी नर्सची जाहिरात: कामं खरी, अटी खोट्या

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली जाहिरात अशी होती: ‘समुदाय परिचारिका, 42 जागा, ठाणे व नवी मुंबई महापालिका क्षेत्र. पात्रता: एएनएम, जीएनएम किंवा नर्सिंग असिस्टंट. वेतन 28,500 अधिक पीएफ. वेळ 9 ते 5, रविवारी पूर्ण सुट्टी. नेमणूक घराजवळच्या आरोग्य केंद्रात.’ खाली कामांची यादी होती. गरोदर मातांची नोंदणी, लसीकरण सत्र, क्षयरुग्णांचा पाठपुरावा, घरभेटी, पल्स पोलिओ. प्रत्येकीकडे 500 घरं. ना शुद्धलेखनाची चूक, ना फुलांची चित्रं, ना ‘लवकर करा’. साध्या, नेमक्या भाषेत लिहिलेली जाहिरात खरीच असणार, असं वाटतं. कळव्याच्या एका एएनएमलाही तसंच वाटलं, आणि तिचे 12,000 रुपये गेले.

कामांचा भाग चांगला लिहिलेला असण्याचं कारण सोपं आहे. तो खऱ्या कागदांवरून उचलला होता. मात्र दोन वेगळ्या कागदांवरून. शहरी आरोग्य अभियानात एका एएनएमकडे साधारण 10,000 लोकसंख्या येते, आणि 50,000 लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र. 200 ते 500 घरं हा आशाताईंचा हिशोब. आशाला पगार नसतो, कामागणिक मोबदला मिळतो. म्हणजे जाहिरातीत घरं आशाची, लसीकरण सत्र एएनएमचं आणि पगार दोघींनाही न मिळणारा. फील्डवर काम केलेल्या बाईच्या डोळ्यांना हे 500 घरांपाशीच खुपायला हवं. पण नोकरी शोधताना यादी वाचली जाते ती ‘हे मला येतं का’ एवढ्याचसाठी, आणि तिला ते सगळं येत होतं.

दुसरी विसंगती एकाच पानावर होती. पल्स पोलिओचा बूथ लागतो रविवारी, आणि पुढचे काही दिवस घरोघर फिरून राहिलेली मुलं शोधतात. ज्या पदाच्या कामात पल्स पोलिओ आहे, त्याला ‘रविवारी पूर्ण सुट्टी’ हे वचन कोणतंही आरोग्य खातं देणार नाही. खऱ्या जाहिरातीत अटी रुक्ष असतात, उमेदवाराच्या सोयीच्या नसतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या पदांना ‘वेतन’ नव्हे, ‘एकत्रित मानधन’ लिहिलेलं असतं. ठाणे आणि नवी मुंबईच्या अशा जाहिरातींत एएनएमला 18,000 आणि स्टाफ नर्सला 20,000 हे आकडे वर्षानुवर्षं दिसत आले आहेत. करार 11 महिने 29 दिवसांचा, आणि कायम नोकरीचा हक्क मागता येणार नाही असं स्पष्ट वाक्य. ते वाचून मन खट्टू होतं, पण तेच वाक्य खरेपणाची खूण आहे. फसवणाऱ्याला ते लिहून काहीच मिळत नाही.

सगळ्यांत मोठी खूण पात्रतेच्या ओळीत होती. ‘नर्सिंग असिस्टंट’ ही सहसा सहा महिने-वर्षभराच्या खासगी कोर्सची मंडळी. त्यांची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा, आणि दोघींनाही कौन्सिलची नोंदणी लागते. ती वेळोवेळी नूतनीकरण करून चालू ठेवावी लागते. खऱ्या जाहिरातीत ही अट पात्रतेच्या शेजारीच असते. या जाहिरातीत तिचं नावही नव्हतं, कारण अट घातली की गिऱ्हाइकं कमी होतात. प्रवर्गनिहाय जागाही नव्हत्या. सरकारी पैशाच्या 42 जागा आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग अशी विभागणी कुठेच नाही, असं होत नाही.

पैसे तीन हप्त्यांत गेले. आधी ‘फॉर्म फी’ 350. एवढी रक्कम खरी वाटते, कारण खऱ्या कंत्राटी भरतीतही शे-दीडशे रुपये शुल्क असतं आणि कायम पदांच्या भरतीत ते हजाराच्या घरात जातं. फरक पैसे कुणाकडे जातात यात आहे. खरं शुल्क कार्यालयाच्या वा सोसायटीच्या नावाच्या धनाकर्षाने नाहीतर संकेतस्थळावरच भरलं जातं. इथे क्यूआर स्कॅन केल्यावर एका माणसाचं नाव आलं होतं. मग वाशीतल्या भाड्याच्या केबिनमध्ये ‘मुलाखत’ झाली आणि पोलीस पडताळणी व मेडिकलचे 2,150. शेवटी रविवारी संध्याकाळी फोन: “ताई, उद्या जॉइनिंग आहे. किट आणि टॅबचं डिपॉझिट आज भरलंत तरच लेटर निघेल. परत मिळणारच आहे.” 9,500. खरं आरोग्य केंद्र सिस्टरला व्हॅक्सिन कॅरिअर, बीपीचं यंत्र, रजिस्टर देतं आणि साठा नोंदवहीत सही घेतं. डिपॉझिट घेत नाही.

सोमवारी ती ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने कोपरखैरण्याच्या केंद्रात पत्र घेऊन गेली. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पत्रावरचा जावक क्रमांक पाहिला आणि विचारलं, “हे कुणी दिलं?” अशी जागा त्यांच्याकडे निघालीच नव्हती. केबिनवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, ऑर्डर अडकलीय, तोवर घोडबंदर रोडला एका पेशंटकडे 12 तासांची ड्युटी करा. खरा धंदा हाच होता: घरी आजाऱ्याजवळ बसायला माणसं पुरवण्याचा. नकार देऊ नये म्हणून मुलाखतीच्या दिवशी तिचं कौन्सिलचं मूळ प्रमाणपत्र ‘पडताळणीसाठी’ ठेवून घेतलं होतं, आणि आता ते परत हवं तर 5,000 मागत होते.

मूळ कागदाची ही खेळी पैशांहून जास्त नुकसान करते, कारण खऱ्या भरतीत त्याच कागदाची पडताळणी लागते. तिथे मूळ प्रमाणपत्र टेबलावर पाहतात, स्वयंसाक्षांकित झेरॉक्स ठेवतात आणि मूळ त्याच वेळी हातात देतात. अशा वेळी ‘हरवलं म्हणून तक्रार दे आणि दुसरी प्रत काढ’ असा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये. कागद हरवलेला नाही, अडवलेला आहे. खोटी तक्रार दिली की खरी तक्रार लंगडी पडते. तिने जे घडलं तेच लिहून दिलं: तारीख, केबिनचा पत्ता, कागद कुणाच्या हातात दिला ते, आणि 5,000 मागणारा मेसेज. पोलीस ठाण्यातून फोन गेल्यावर दोन दिवसांत पाकीट वॉचमनकडे ठेवलेलं मिळालं.

पैशांसाठी सोमवारी दुपारीच 1930 वर फोन आणि cybercrime.gov.in वर तक्रार केली. तिथे प्रत्येक व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर क्रमांक लागतो. स्क्रीनशॉटमध्ये तो नसेल तर यूपीआय अ‍ॅपच्या व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. आदल्या संध्याकाळच्या 9,500 पैकी 4,200 समोरच्या खात्यात अजून होते, ते गोठवले गेले. बाकीचे पुढच्या खात्यांत गेले होते. पहिल्या दोन रकमांना तीन आठवडे उलटले होते. गोठवलेले पैसेही बँक आपणहून परत करत नाही. तिला त्यासाठी न्यायालयाचा आदेश मागावा लागला, आणि तिचा अर्ज अजून तिथेच आहे.

अशी जाहिरात हातात आली तर एक गोष्ट पाच मिनिटांत होते. nmmc.gov.in किंवा thanecity.gov.in वर भरतीच्या पानावर तीच जाहिरात जावक क्रमांकासह शोधायची. नसेल, तर जाहिरातीतल्या नंबरवर नव्हे, महापालिकेच्या आरोग्य विभागात विचारायचं. पीडीएफवर बोधचिन्ह कुणीही चिकटवतो, .gov.in चा पत्ता मात्र खासगी माणसाला विकत मिळत नाही.