संत्र्याच्या पानाचा 'सुधारलेला' रिपोर्ट दाखवून पैसे घेतात, सावध राहा

वरूड-मोर्शी पट्ट्यातल्या संत्रा बागायतदारांनो, हे मुद्दाम लिहितोय. आमच्याकडे जे झालं ते तुमच्याही धुऱ्यावर येऊ शकतं.

पावसाळ्याच्या तोंडावर एका खत विक्रेत्याचा माणूस आला. माती आणि पानं फुकट तपासून देतो म्हणाला. रिपोर्ट आला तेव्हा मातीत झिंक ०.५ पीपीएम, म्हणजे ०.६ च्या मर्यादेखाली, सामू ८.३ आणि मुक्त चुना १४ टक्के. पानात झिंक १२. नागपुरी संत्र्याच्या पानात ते साधारण १४ ते ३० असावं लागतं. बागेतही तेच दिसत होतं: नवती बारीक, टोकदार, शिरांच्या मधला भाग पिवळा आणि पानं शेंड्याला गुच्छासारखी जवळजवळ. इथवर सगळं खरं होतं, म्हणून विश्वास बसला. त्याने सूक्ष्म अन्नद्रव्याची महागडी बाटली दिली आणि फवारायला सांगितलं.

सप्टेंबरात तो पुन्हा आला, पानं घेऊन गेला आणि नवा रिपोर्ट आणला. झिंक १२ वरून ९४! "भाऊ, बघा, औषधानं काम केलं. आता पुढच्या बहाराचा माल आत्ताच बुक करा, भाव वाढणार आहे." मी माती पुन्हा तपासायला सांगितली, तर म्हणाला, "माती कशाला? ती काय दोन महिन्यांत बदलते?" आगाऊ पैसे घेऊन गेला. नवती मात्र होती तशीच बारीक आणि पिवळी.

हे दोन्ही कागद मी कृषी विज्ञान केंद्रातल्या मॅडमना दाखवले. त्यांनी झिंकच्या आकड्याकडे पाहिलंच नाही, बोट ठेवलं तांब्यावर. पहिल्या रिपोर्टात तांबे ११, दुसऱ्यात १४८. "भाऊ, त्या बाटलीत तांबं होतं का?" बाटलीवर तांब्याचं नाव नव्हतं. पण त्याच सुमारास डिंक्यासाठी आम्ही कॉपर ऑक्सिक्लोराईड फवारलं होतं. म्हणजे प्रयोगशाळेत गेलेली पानं धुतलेलीच नव्हती. पानावर बसलेलं तांबं जसं मोजलं गेलं, तसंच पानावर बसलेलं झिंकही मोजलं गेलं. ते ९४ पानाच्या आत नव्हतं, पानाच्या अंगावर होतं.

खरी खूण मॅडमनी सांगितली ती अशी. फवारलेल्या पानातलं झिंक तिथून फारसं हलत नाही, त्यामुळे फवारणीनंतर फुटलेली नवती सुधारली का ते पाहायचं. शिवाय एक ओळ बिनफवारणीची सोडायची. त्या ओळीत आणि बाकी बागेत फरक दिसत नसेल, तर रिपोर्टावर कितीही मोठा आकडा असो, उपयोग नाही.

माती टाळण्यामागेही डाव होता. पानात झिंक कमी आणि मातीतही कमी, तर कमतरता खरी. मातीत पुरेसं असून पानात कमी, तर मुळं उचलत नाहीत. मग चुना, सामू, साचलेलं पाणी किंवा मुळांची कुज शोधायची. पण मातीत कमी आणि पानात एकदम भरपूर असं निघालं, तर आधी फवारणीच्या थराचा आणि धुळीचा संशय घ्यायचा. त्याने दुसऱ्यांदा मातीही तपासली असती, तर ०.५ च्या शेजारी ९४ छापून आलं असतं आणि कुणीही विचारलं असतं की एवढं आलं कुठून?

मग आम्ही नमुना स्वतः काढला. पाच-सात महिन्यांची पानं, फळ नसलेल्या फांदीच्या शेंड्यापासून दुसरं ते चौथं, बागेच्या चारही बाजूंनी. पिवळी तेवढीच निवडली नाहीत. साबणाच्या पातळ पाण्यात, मग हायड्रोक्लोरिक आम्लाच्या अगदी सौम्य द्रावणात आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्यात धुतली, सावलीत सुकवली. माती झाडाच्या घेराच्या कडेखालून, ड्रिपरच्या भागातून, फूटभर खोलीपर्यंतची. झिंक आलं १३, तांबं पुन्हा १५ वर. मातीत झिंक होतं तेवढंच, ०.५.

उपाय त्या बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त निघाला: ०.५ टक्के झिंक सल्फेट, त्यात ०.२५ टक्के चुन्याची निवळी, कोवळ्या नवतीवर फवारायचं. चुनखडीच्या जमिनीत नुसतं मातीत टाकलेलं झिंक बरंचसं अडकून पडतं, म्हणून फवारणी. आगाऊ दिलेले पैसे अजून परत आलेले नाहीत, ग्राहक आयोगाकडे अर्ज दिला आहे.

तुमच्याकडे असा कुणी आला तर नमुना त्याच्या हाती देऊ नका. पिशवीवर शेवटच्या फवारणीची तारीख आणि औषधाचं नाव लिहा, पानं धुवून तपासली का ते प्रयोगशाळेला विचारा, आणि रिपोर्टात झिंकच्या आधी तांबं बघा.