आवडता फंड मागे का? सल्लागाराला पाठवलेली ईमेल आणि वीस महिन्यांचा अनुभव

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहून निवृत्तिवेतनातून शिल्लक टाकणाऱ्या मी एका फ्लेक्सी कॅप फंडात दरमहा १०,००० रुपयांची एसआयपी सुरू केली, त्याला आता वीस महिने झाले. पहिले वर्ष संपता संपता शेजाऱ्यांनी मोबाइलवरची यादी दाखवली, तेव्हा त्याच वर्गातील फंडांचा एका वर्षाचा सरासरी परतावा ११.६ टक्के आणि माझ्या फंडाचा ६.६ टक्के दिसला. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सल्लागारांना ईमेल पाठवली. “सा. न. वि. वि., आपल्याशी बोलूनच हा फंड चालू ठेवला होता. वर्ग तोच, बाजार तोच, मग पाच टक्के कुठे गेले? विकून पहिल्या क्रमांकाचा फंड घ्यावा काय?” एवढाच मजकूर होता. उत्तर यायला नऊ दिवस लागले, आणि घाबरलेल्या माणसाला नऊ दिवस फार असतात. ही माझी त्यांच्याविषयीची एक तक्रार आहे.

उत्तर मात्र कामाचे होते. “काका, वर्ग एक असला तरी आतला माल एक नसतो,” अशी त्यांची सुरुवात होती. सेबीने नोव्हेंबर २०२० मध्ये आणलेल्या या वर्गात किमान ६५ टक्के रक्कम शेअरमध्ये हवी, एवढीच अट आहे. मोठ्या, मध्यम आणि लहान कंपन्यांत ती कशी वाटायची, हे फंड व्यवस्थापक ठरवतो. फंड कंपनीच्या संकेतस्थळावर दर महिन्याला येणारे गुंतवणुकीचे पत्रक त्यांनी मला उघडायला लावले. शेअरची यादी संपल्यावर तळाशी ट्रेप्स, म्हणजे रोख्यांच्या तारणावर थोड्या दिवसांसाठी दिलेले पैसे, आणि इतर रोखीच्या ओळी होत्या, ज्या मी कधी वाचल्याच नव्हत्या. माझ्या फंडात मोठ्या कंपन्या ७२ टक्के, मध्यम व लहान मिळून १२ टक्के आणि रोख १६ टक्के होती. यादीतील फंडांची सरासरी त्यांनी अनुक्रमे ५७, ४० आणि ३ अशी काढली.

मग हिशेब केला. त्या वर्षी मोठ्या कंपन्यांनी सुमारे ८ टक्के, मध्यम व लहान कंपन्यांनी १९ टक्के आणि रोखीने साडेसहा टक्के दिले, असे त्यांनी धरले होते. सरासरी फंडाच्या तुलनेत माझ्या फंडाचे १५ टक्के पैसे मध्यम-लहानऐवजी मोठ्या कंपन्यांत राहिले, त्यामुळे सुमारे १.६५ टक्के कमी मिळाले. १३ टक्के रोखीत राहिले, त्यामुळे जवळजवळ तेवढेच. म्हणजे पाचपैकी ३.३ टक्क्यांचा उलगडा नुसत्या वाटणीतून झाला. आणखी एक टक्का खर्चाचा निघाला. मोबाइलवरची यादी डायरेक्ट योजनांची होती आणि मी बँकेतून घेतलेली योजना रेग्युलर, जिच्यात वितरकाचे कमिशन दरवर्षी फंडाच्या खर्चातून जाते. हे बँकेत मला कुणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. उरलेला ०.७ टक्का शेअरच्या निवडीचा, आणि व्यवस्थापक चुकला असे म्हणायचे तर एवढ्यापुरतेच. महिनाअखेरच्या पत्रकावर बेतलेला हिशेब असल्याने दशांशावर फार भरवसा ठेवू नये, हेही त्यांनी लिहिले होते.

त्यानंतरच्या आठ महिन्यांत बाजाराने एकदा चांगलीच उसळी खाल्ली आणि एकदा आपटीही. आपटीत शेजाऱ्यांचा फंड सुमारे १२ टक्के उतरला, माझा ६ टक्के. मला बरे वाटले, हे कबूल करतो. पण तीच रोख उसळीत पुन्हा आड आली, म्हणून एका आपटीवरून फंड चांगला ठरवणे हीदेखील पहिल्यासारखीच घाई झाली असती. आता मी एका वर्षाचा आकडा पाहतच नाही. तीन-तीन वर्षांचे रोलिंग, म्हणजे सुरुवातीची तारीख पुढे सरकवत पुन्हा पुन्हा मोजलेले, परतावे लाभांशासह मोजलेल्या निर्देशांकाशी, म्हणजे टीआरआयशी ताडतो, आणि पत्रकात रोख व मोठ्या कंपन्यांचे प्रमाण तेच राहते ना, हे बघतो. तोटा सोसल्यावर व्यवस्थापक अचानक लहान कंपन्यांकडे धावू लागला, तर मात्र फंड सोडायचा. ही रेषा सल्लागारांनी आपणहून आखून दिली नाही, मी दुसरी ईमेल पाठवून विचारली, तेव्हा मिळाली.

फंड मी विकला नाही. नवी एसआयपी तेवढी डायरेक्ट योजनेत वळवली. जुनी युनिटे रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये नेणे ही कायद्याने विक्रीच ठरते. माझ्या फंडात वर्षाच्या आत पैसे काढल्यास एक टक्का एक्झिट लोड आहे आणि नफ्यावर २० टक्के अल्पकालीन कर लागतो, शिवाय एसआयपीच्या प्रत्येक हप्त्याचे वर्ष वेगळे मोजले जाते. म्हणून ज्या हप्त्याला वर्ष भरते तेवढाच दरमहा हलवतो. बारा हप्ते अजून बाकी आहेत.