फोनच्या स्क्रीनवरचं चित्र शूटनंतर एडिटमध्ये बदलायचंय: शूटला स्क्रीन हिरवा ठेवू की बंद?

परवा एका शॉर्ट फिल्मसाठी दोन्ही करून बघितलं. शॉट साधाच, मुलगी अंधाऱ्या खोलीत मेसेज वाचतेय आणि अंगठा स्क्रीनवर फिरतोय.

आधी फोनवर हिरवी इमेज लावली, चार कोपऱ्यांत ट्रॅकिंगचे मार्कर म्हणून जरा गडद हिरवे क्रॉस, म्हणजे फोन हलला तरी नवं चित्र त्यांच्यामागे हलतं. हिरवा रंग की करून, म्हणजे सॉफ्टवेअरने काढून टाकून, अंगठा पटकन सुटला, ट्रॅकही मस्त बसला, पण ब्राइटनेस फुल राहिला होता ना, त्यामुळे हनुवटी आणि नखं पार हिरवी, ते काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली. ब्राइटनेस पाव करून परत घेतला तेव्हा कुठे जमलं.

मग फोन बंद ठेवून घेतला. यात काचेवरचं खरं रिफ्लेक्शन मिळतं, ते नव्या ग्राफिकवर स्क्रीन ब्लेंड मोडमध्ये टाकलं की चिकटवल्यासारखं वाटत नाही, हिरव्यात हे जवळपास मरतंच. मार्कर लावलेच नाहीत, फोनच्या कडांवर ट्रॅक झाला. पण अंगठ्याचा रोटो, म्हणजे त्याची कड हाताने आखून वेगळा काढणं, फ्रेम-बाय-फ्रेम, शिवाय चेहऱ्यावर उजेड नाही, तो छोट्या एलईडीने मारावा लागला.

बोट फिरणार असेल तर मी मंद हिरवाच घेईन. टेबलावरच्या लॅपटॉपसमोरून कोणी जात नसेल तर मात्र सरळ बंद.